न वापरलेलं वर्ष

माधवी ढाबर्डेच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की तिला खुर्चीत बसवत नाही. ती उभ्यानं फोन घेते, फिरत फिरत बोलते, आणि समोरचा चहा निवून त्यावर साय धरते. वर्ध्याला आर्वी नाक्याजवळ, स्टेशनरीच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. तीन खोल्यांचं. तिथे ‘सूरसोबत’ नावाचं अ‍ॅप चालवतात. भजनवाल्यांना, गाणं शिकणाऱ्यांना मोबाईलवर तबल्याची आणि तानपुऱ्याची साथ मिळते. हवी ती पट्टी, हवा तो ठेका. विदर्भातली कितीतरी मंडळं त्यावर सराव करतात. माधवी तिथे ग्राहकांचे फोन सांभाळते. त्याआधी ती सावंगीच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती, आणि तिथून निघाली तीसुद्धा एका जागी बसावं लागतं म्हणूनच.

जूनच्या अखेरीस एका सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. काळा चष्मा लावलेले, पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ कठड्याला धरून वर आले. त्यांनी दारातच चपला काढल्या.

“सूरसोबतवाले तुमीच का?” त्यांनी विचारलं. “मी हिंगणीचा प्रभाकरराव. कापडाचं दुकान हाय माहं. पेटी वाजवतो.”

माधवीनं त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढून तिच्यापुढे ठेवला.

“बेटा, माह्या खात्यातून तुमचे पैसे कटले. पासबुक भरून आणलं तवा पोरानं वाचून दाखवलं. वर्षाचे कटले म्हनते. मी तं होळीनंतर तुमचं अ‍ॅप उघडलंच नाई. दोन्ही डोयांचं ऑपरेशन झालं माहं, एकाचं मार्चमंधी अन् दुसऱ्याचं मेमंधी. डॉक्टरनं मोबाईल पाहू नोका म्हनलं. मंग मी अ‍ॅपच काढून टाकलं. म्हटलं, संपलं काम.”

“काका, अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे प्लान बंद होत नाही,” माधवी म्हणाली. “मागच्या वर्षी घेताना तुम्ही यूपीआयवर पिन टाकून परवानगी दिली होती. दर वर्षी आपोआप पैसे घ्यायची. ती परवानगी बँकेत तशीच राहते.”

“असं का? हे तं मले कोनी सांगतलं नाई.”

माधवीनं कॉम्प्युटरवर त्यांचा नंबर टाकला. ते खरं बोलत होते. होळीपर्यंत रोज संध्याकाळी भजनी ठेका, केहरवा, पुन्हा भजनी ठेका. आणि त्यानंतर काहीच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लान आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू झाला होता. त्याआधी कंपनीनं आठवणीचा ई-मेल पाठवलेला होता. ज्या पत्त्यावर पाठवला तो वाचून ती थांबली. त्यात एका मोबाईल दुकानाचं नाव होतं.

“काका, हा ई-मेल तुमचा आहे?”

“ई-मेल? तो हिंगणीच्या मोबाईलवाल्यानं फोन घेतला तवा बनवून देल्ला होता. मी कदी पाह्यला नाई.”

मग तिनं त्यांच्या परवानगीनं मेसेज उघडले. बँकेचा मेसेजही आला होता, पैसे जाण्याच्या आदल्या दिवशी, नियमाप्रमाणे. कंपनीचं नाव, रक्कम, तारीख, सगळं होतं. पण इंग्रजीत. त्याच्या वर कर्जाची जाहिरात, खाली गॅस बुकिंगचा मेसेज. आणि त्या दिवसांत म्हाताऱ्याला मोबाईल पाहायची मनाई.

माधवी उठून उभी राहिली. हे तिच्या लक्षात आल्यावर तिला बसता येणं शक्यच नव्हतं. कंपनीनं सांगितलं होतं, बँकेनं सांगितलं होतं, आणि तरी या माणसाला कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

“काका, तुमचं म्हणणं काय आहे? तुम्हाला काय पाहिजे?”

प्रभाकररावांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“पाहा बेटा, मी दुकानदार मानूस. मले फुकटचं नोको. मागच्या वर्षीचे पैसे मी मागून नाई राह्यलो, ते वर्ष मी वाजवलं. माह्या दुकानात कोनी शर्टपीस नेला, घरी गेल्यावर नोको वाटला अन् दोन दिसांत घडी न मोडता आनला, तं मी घेतो वापस. कापून आनला तं नाई घेत. हे जे नवं वर्ष हाय, हे मी कापलंच नाई. याची घडी तशीच हाय. ते वापस घ्या, पुढचं बंद करा, अन् पुढं कोनाचे पैसे घ्याचे असन तं त्याले समजन असं सांगत जा. एवढंच.”

इतकं नेमकं मागणं माधवीनं वर्षभरात ऐकलं नव्हतं. फोनवर येणारे लोक एक तर शिव्या देत, नाही तर “जाऊ द्या, गेले तर गेले” म्हणून ठेवून देत.

आधी तिनं परवानगी रद्द करून घेतली, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हेच व्हायला नको. यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची जागा त्यांना दाखवली, त्यांनी स्वतः बोटानं दाबली, आणि पिन टाकायची वेळ आली तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं. “यानं फक्त पुढचे पैसे थांबतात, काका. गेलेले परत आणायला मला आत भांडावं लागेल.”

“भांड मंग,” प्रभाकरराव म्हणाले. “मी बसतो.”

आतल्या खोलीत मालक भूपेंद्र बसले होते. वडिलांची धान्याची आडत सोडून त्यांनी हे अ‍ॅप काढलं, त्याला सहा-सात वर्षं झाली. माणूस वाईट नाही. पगार कधी थकवला नाही. पण वार्षिक प्लानच्या पैशावर ऑफिस चालतं हे त्यांना झोपेतही आठवत असे.

“माधवीताई, अटींमध्ये लिहिलंय. प्लान नूतनीकरण झालं की परतावा नाही. आपण ई-मेल पाठवला, बँकेनं मेसेज पाठवला. आपण नियमात आहोत.”

“नियमात आहोत, भाऊ. मी कुठं नाही म्हणते? पण त्या माणसानं एक दिवससुद्धा वापरलेलं नाही. अ‍ॅप त्याच्या फोनमध्ये नाही. आपला काय खर्च झाला त्याच्यावर?”

“पेमेंटवाल्यांनी कापलेली फी आपल्याला परत मिळत नाही.”

“तेवढी जाऊ द्या.”

भूपेंद्रांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “बरं. डोळ्याचं ऑपरेशन आहे, एवढ्या दुरून आलेत. देऊन टाका. यांच्यापुरतं.”

माधवी बाहेर आली. पैसे त्याच खात्यात येतील, चार-सहा कामाचे दिवस लागतील, तसा मेसेजही येईल, असं तिनं प्रभाकररावांना सांगितलं. ते खूश होऊन जिना उतरले. पण “यांच्यापुरतं” हा शब्द तिच्या कानात राहिला. ज्याला जिना चढता आला त्याला पैसे मिळाले. ज्याला नाही चढता आला, त्याचं काय?

दुपारी ती हर्षाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. हर्षा त्यांची प्रोग्रॅमर. हिंगणघाटची, कमी बोलणारी, कानात हेडफोन.

“हर्षा, मला एक काढून दे. ज्यांचा वार्षिक प्लान आपोआप पुढं चालू झाला, आणि त्यानंतर ज्यांनी अ‍ॅप एकदाही उघडलं नाही, असे किती?”

हर्षानं हेडफोन काढला. “कशाला?”

“तू काढ तर.”

थोड्या वेळानं स्क्रीनवर आकडा आला तेव्हा हर्षानं तो तपासून पुन्हा काढला. तोच आला. आपोआप पुढे चालू झालेल्यांपैकी जवळजवळ प्रत्येक चौथा माणूस तसा होता. आणि त्यातल्या बहुतेकांनी आठवणीचा ई-मेल उघडलेलाच नव्हता.

माधवीनं हर्षाचा हात धरून तिला उठवलं. “चल. आत्ता. भूपेंद्रभाऊंना दाखवू.”

भूपेंद्रांनी बराच वेळ आकड्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं. “हे सगळे जिना चढून आले तर?” ते शेवटी म्हणाले.

“येत नाहीत म्हणून तर आपण निवांत बसलोय, भाऊ. पण सोडून जाताहेत. पुढच्या वर्षी ते बँकेतून बंद करतात आणि चार लोकांना सांगतात की सूरसोबतवाले गुपचूप पैसे कापतात. एखादा सरकारच्या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार करतो. आणि ‘रद्द करा’ बटण आपण कुठं ठेवलंय माहिती आहे? सेटिंग, मग खातं, मग प्लान, मग तीन टिंबं. रद्द करायची वाट अशी लपवलेली सरकारच्या नियमांनाही चालत नाही.”

“ते मी मुद्दाम नाही ठेवलं.”

“माहीत आहे. पण ते तिथं आहे.”

नेमका तेव्हाच बाहेर फोन वाजला. देवळीचा निकेश म्हणून एक मुलगा होता, गाण्याच्या शिकवण्या घेणारा. त्याचाही प्लान मार्चमध्ये आपोआप चालू झाला होता, आणि त्याला आता सगळे पैसे परत हवे होते. आवाज चढलेला होता. माधवीनं फोन स्पीकरवर टाकला आणि आत आणला. तिला भूपेंद्रांना दाखवायचं होतं की आपण सगळ्यांना सरसकट पैसे वाटायला निघालेलो नाही.

“निकेशभाऊ, कालसुद्धा तुम्ही संध्याकाळी दोन तास दादरा वाजवलात,” ती म्हणाली. “मार्चपासून जवळपास रोज वापरताय. पूर्ण पैसे मी नाही मागू शकत तुमच्यासाठी.”

“पण मले कोनी विचारलं काय कापाच्या आधी? मी महिन्याचा घेनार होतो.”

“ते तुमचं बरोबर आहे. तुम्हाला आधी नीट कळायला पाहिजे होतं. म्हणून असं करू. वापरलेले महिने आमचे. पुढचे महिने तुम्हाला नको असतील तर तेवढ्याचे पैसे परत, आणि पाहिजे असेल तर आजपासून महिन्याचा प्लान. चालतं का?”

तिकडे मागे कोणी सा लावत होतं. “चालते,” निकेश म्हणाला. “पन महिन्याच्याले तरी आधी सांगसान ना?”

फोन ठेवल्यावर भूपेंद्र म्हणाले, “मी तर तुम्हाला हो म्हटलंच नव्हतं.”

“नाही म्हटलं होतं का?”

हर्षा हसली. ती ऑफिसात हसलेली कोणी फारसं पाहिलं नव्हतं. भूपेंद्रांनी दोघींकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले. “ठीक आहे. गणपतीच्या सवलतीत आपल्याकडे दर वर्षी पुष्कळ लोक येत आलेत. त्यांचे प्लान सप्टेंबरमध्ये पुन्हा चालू होतील. त्यांच्यावर करून पाहू तुमचं हे आधी सांगण्याचं. पण धंदा बसला तर मी तुमच्या दोघींच्या दारात येऊन बसेन.”

त्या दिवसापासून माधवी नुसती धावत होती. सकाळी घरून येताना बसमध्ये तिला काहीतरी सुचे, आणि ती नाक्यावर उतरेपर्यंत हर्षाला तीन मेसेज गेलेले असत. आठवण एकदा नाही, दोनदा द्यायची. पहिली महिनाभर आधी, म्हणजे माणसाला घरात विचारायला वेळ मिळेल. दुसरी आठवडाभर आधी. बँकेचा आदल्या दिवशीचा मेसेज येतोच, पण एका दिवसात म्हाताऱ्या माणसानं काय काय करायचं? मग पैसे गेल्यावर लगेच पावती, आणि त्यातच लिहायचं की पंधरा दिवसांत सांगितलं आणि मधे वापरलं नसेल तर पूर्ण पैसे परत. हर्षानं एक भर घातली, आणि ती माधवीला इतकी आवडली की तिनं टेबलावर थाप मारली: ज्यांनी तीन-चार महिने अ‍ॅप उघडलेलंच नाही, त्यांच्याकडून ‘हो’ आल्याशिवाय पैसे घ्यायचेच नाहीत.

“भाऊ मारतील,” हर्षा म्हणाली.

“मी विचारते त्यांना.”

तिनं विचारलं. भूपेंद्रांनी डोक्याला हात लावला, पण ‘करा’ म्हणाले.

अडलं ते मजकुरापाशी. आठवण व्हॉट्सअ‍ॅपवर आणि साध्या मेसेजवर मराठीत पाठवायची ठरली होती. मजकूर भूपेंद्रांनी स्वतः लिहिला. ‘प्रिय संगीतप्रेमी, आपल्या सुरेल प्रवासाचे एक वर्ष पूर्ण होत आहे. हा प्रवास असाच अखंड राहो...’ रक्कम खाली कुठेतरी होती, तारीख त्याहून खाली.

माधवीनं तो वाचला आणि आपल्या मोबाईलवर घेतला. शनिवारी तिनं हिंगणीची बस धरली.

प्रभाकररावांचं दुकान बसथांब्यावरून दिसतं. त्यांना आता नवा चष्मा लागला होता. गल्ल्यामागे बसून ते स्वतः बिलं वाचत होते आणि त्याचा त्यांना फार आनंद झालेला होता. “ये बेटा ये. मले आता रस्त्यावरची पाटीबी दिसते. पैसे आले तुमचे, मेसेज मीच वाचला.”

“मग आता हाही वाचा, काका.” तिनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं काहीच नाही.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीनंतर त्यांचा अंगठा आपोआप वर गेला आणि मेसेज पुढे सरकला. “जाहिरात हाय,” ते म्हणाले आणि फोन परत केला.

माधवी दुकानातच मोठ्यानं हसली. शर्टपीस पाहणाऱ्या दोन बाया वळून पाहायला लागल्या.

“काका, हीच आमची आठवण आहे. तुमचे पैसे जाणार आहेत असं यात लिहिलंय.”

“कुठं?” त्यांनी फोन पुन्हा घेतला. शोधलं. सापडल्यावर त्यांना थोडा रागच आला. “हे असं काऊन लिहिलं? पैशाची गोष्ट हाय तं पैशापासून सुरू करा ना. किती जाईन, कवा जाईन, अन् नोको असन तं मी काय करू.”

तिथेच कापडाच्या ठाणावर फोन ठेवून तिनं नवा मजकूर लिहिला. प्रभाकररावांनी वाचला. तिनं पुन्हा बदलला. बाजूच्या दोन बायांना दाखवला. एकीनं सांगितलं की मागच्या वर्षी किती घेतले होते तेही लिहा, म्हणजे वाढवले की नाही ते समजेल. माधवीनं तेही घातलं. शेवटी उरलं ते असं: ‘१२ सप्टेंबरला तुमच्या खात्यातून सूरसोबतच्या एका वर्षाचे पैसे जातील.’ मग या वर्षीची रक्कम, मागच्या वर्षीची रक्कम. मग तीन बटणं: चालू ठेवा, महिन्याचा करा, नको. तिन्ही एकाच आकाराची.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली होती, तरी ती सेलूपर्यंत उभीच आली.

पहिली आठवण ऑगस्टच्या एका सकाळी निघाली. हर्षाची बोटं कीबोर्डवर, माधवी तिच्या पाठीमागे, भूपेंद्र दारात. आत यायचं नाही असं ठरवून आलेले. बटण दाबलं. मेसेज गेले.

काही वेळ काहीच झालं नाही. मग स्क्रीनवर पहिलं उत्तर उमटलं. ‘नको.’ दुसरं, ‘नको.’ तिसरं, ‘चालू ठेवा.’ पुन्हा ‘नको.’ भूपेंद्र दारातून आत आले.

मग फोन वाजायला लागले, आणि माधवीच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. सगळे एकच सांगत होते. ‘नको’ दाबलं की पासवर्ड मागते. पुलगावच्या एका आजोबांनी विचारलं, “पासवर्ड म्हनजे कोनता, बाई? एटीएमचा टाकू का?”

“टाकू नका,” माधवी जवळजवळ ओरडली. “काहीच टाकू नका आजोबा, फोन ठेवा, मी करते तुमचं.” तिनं हर्षाकडे वळून पाहिलं. “थांबव. सगळे मेसेज थांबव.”

हर्षानं राहिलेले मेसेज रोखले. ‘चालू ठेवा’ सरळ चालत होतं. ‘नको’ दाबलेलं स्क्रीनवर दिसत होतं, पण नोंद व्हायच्या आधी जुनं लॉगिनचं पान उघडत होतं. ‘ठेवा’ सोपं, ‘नको’ अवघड. नेमकं जे करायचं नाही तेच झालं होतं.

“लोकांना वाटेल आपण मुद्दाम केलं,” हर्षा म्हणाली.

“दुरुस्त कर. मी फोन सांभाळते.”

मग त्या तीन खोल्यांमध्ये जे सुरू झालं ते लग्नघरासारखं होतं. हर्षा पान बदलत होती. माधवी एका कानाला एक फोन लावून दुसऱ्या हातानं नावं टिपत होती, प्रत्येकाला सांगत होती की तुमचं ‘नको’ नोंदवलंय, तसा मेसेज येईल, आला नाही तर मला याच नंबरवर पकडा. तिसरा फोन वाजत राहिला तेव्हा भूपेंद्रांनी तो स्वतः उचलला. “बोला, सूरसोबत,” ते म्हणाले, आणि मग बराच वेळ ऐकत राहिले. ठेवल्यावर त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. “ते काका तीन वर्षं पैसे भरताहेत. त्यांना वाटत होतं ते लाईट बिलाचे कटतात.”

“मग?” माधवीनं विचारलं.

“मग काय. या वर्षीचं नको नोंदवलं. आणि सांगितलं की मागचंही पाहतो.” ते पुन्हा फोनकडे वळले, तो वाजतच होता.

जेवणाच्या सुमारास पान दुरुस्त झालं. हर्षानं आधी स्वतःच्या आईला चाचणीचा मेसेज पाठवून दाबायला लावलं. एका दाबात ‘नको’ लागलं, लगेच उत्तर आलं: ‘नोंदवलं. तुमचे पैसे जाणार नाहीत. १२ सप्टेंबरपर्यंत तुमचा चालू प्लान तसाच राहील.’ मग राहिलेले मेसेज सोडले, आणि सकाळी अडकलेल्यांना एक वेगळा मेसेज, चूक आमची होती असं सांगणारा. तो माधवीनं लिहिला. भूपेंद्रांनी वाचला, आणि त्यात ‘सुरेल’ घालायचा मोह आवरला.

संध्याकाळपर्यंत हिशोब समोर आला. ‘नको’ म्हणणारे भूपेंद्रांना भीती होती तितके नव्हते, पण माधवीला आशा होती त्याहून जास्त होते. त्या वर्षी दिवाळीचा बोनस अर्धाच निघाला, हेही खरं. पण सप्टेंबरचा महिना गेला आणि पैसे का कापले म्हणून जिना चढून कोणी आलं नाही. निकेशनं आपले सहा विद्यार्थी महिन्याच्या प्लानवर आणले. नको म्हटलेल्यांपैकी काहींनी तर पुढे स्वतःहून फोन करून पुन्हा प्लान घ्यायची चौकशी केली. भूपेंद्रांनी अटींच्या पानावरची ‘परतावा नाही’ ही ओळ काढायला लावली आणि तिथे काय लिहायचं ते माधवीला विचारलं.

पण हे नंतरचं. त्या पहिल्या दिवशी, ऑफिस बंद करायच्या वेळी, शेवटचा एक फोन आला. माधवीचा आवाज बसला होता. तरी तिनं उचलला.

“मी पवनारहून पंचफुला बोलून राह्यली,” पलीकडून आवाज आला. मागे ढोलकी वाजत होती आणि बायांचा गलका होता. “आमचं भीमगीतांचं महिला मंडळ हाय. तुमचा मेसेज आला. आमी सगळ्या बसलो हावो विहारात. आमच्यात वाद सुरू हाय.”

“कसला वाद, ताई?”

“अर्ध्या म्हनते ठेवा, अर्ध्या म्हनते आता आपल्याकडं ढोलकीवाली आली, कायले पाहिजे. मागच्या साली कोनी विचारलंच नाई, पैसे गेले अन् मंग माह्यावर सगळ्या चिडल्या. म्हने पंचफुलानं आपल्या मनानं भरले. थांबजो जरा, फोन ठेवू नको.”

माधवी थांबली. हर्षा बॅग खांद्याला लावून उभी होती, तीही थांबली. फोनमधून बायांचे आवाज येत होते, कोणी तरी म्हणत होतं की तानपुरा पाहिजे, ढोलकीनं सूर नाही सापडत. दुसरी म्हणत होती, तुले कदी सापडला? हशा झाला. मग हात वर करा, असं कोणी ओरडलं. माधवीनं फोन स्पीकरवर केला आणि खिडकीपाशी गेली. खाली नाक्यावर दिवे लागत होते. ती पायाच्या बोटांवर उभी राहून ऐकत होती, जणू ते मत तिच्याचसाठी घेतलं जात होतं.

“हं, आयक,” पंचफुलाबाई परत फोनवर आल्या. “वर्षाचा नोको. धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होईपर्यंत महिन्याचा ठेव. मंग पाहू. आमचं वर्ष कवा संपते?”

“चौदा सप्टेंबरला. तोपर्यंत हेच चालेल, त्याच्यानंतर महिन्याचं. आणि दर महिन्याला पैसे जायच्या आधी मेसेज येईल, ताई. मराठीत. तुमच्या नंबरवर.”

“माह्या नंबरवर नोको,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “मंडळाचा ग्रुप हाय, त्याच्यावर टाक. सगळ्यायले दिसलं पाहिजे.”

माधवीनं हर्षाकडे पाहिलं. हर्षानं खांद्यावरची बॅग काढून टेबलावर ठेवली. “ग्रुपवर नाही पाठवता येत अजून,” ती हळूच म्हणाली. “पण दोन-तीन नंबर जोडता येतील. उद्या करते.”

“ताई, मंडळातल्या तीन जणींचे नंबर सांगा,” माधवी फोनमध्ये म्हणाली. पलीकडे पुन्हा वाद सुरू झाला, कोणत्या तीन जणी.